विषय: तुर्भे शीतगृहाच्या नव्या व्यवस्थापक, 6 जुलैपासून

नमस्कार मंडळी,

सुरेश घरत सर 17 जुलैला निवृत्त होत आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहेच. त्यांच्या जागी वैशाली ठोंबरे मॅडम सोमवार, 6 जुलैपासून आपल्या तुर्भे युनिटच्या व्यवस्थापक म्हणून रुजू होत आहेत. पहिले दोन आठवडे दोघेही इथेच असतील. शुक्रवार, 17 तारखेच्या रात्रपाळीपर्यंत सह्या आणि मंजुऱ्या घरत सरांच्याच, 18 तारखेच्या सकाळच्या पाळीपासून मॅडमच्या. मधल्या काळात एकाच कागदावर दोघांच्या सह्या मागत फिरू नका.

मॅडम तळोज्याच्या मासळी निर्यातीच्या शीतगृहातून येत आहेत. कंटेनर भरणं, तापमानाच्या नोंदी आणि निर्यातीची कागदपत्रं हे त्यांचं रोजचं काम होतं. उणे 18च्या खोलीत त्यांनी स्वतः पाळ्या काढल्या आहेत. जॅकेट आणि हातमोजे वेळेवर का हवेत, हे त्यांना समजावून सांगायची गरज पडणार नाही.

गेल्या आठवड्यापासून कँटीनमध्ये जी चर्चा चालली आहे, तिच्याबद्दल सरळ सांगतो. पाळ्यांचं वेळापत्रक 30 सप्टेंबरपर्यंत आहे तसंच राहील. त्यानंतर बदल करायचा झाला तर आधी तिन्ही पाळ्यांच्या सुपरवायझरांशी बसून बोलणं होईल. कुणालाही कमी करायचा विचार नाही. सहामाही मूल्यमापन घरत सरांनी जूनअखेर पूर्ण करून एचआरकडे दिलं आहे, त्यामुळे या वेळची पगारवाढ त्यांच्याच शेऱ्यांवर ठरेल. माथाडी मंडळाच्या टोळीचे दर आणि मुकादमांशी ठरलेली कामाची वाटणीही बदलत नाही.

डॉक क्रमांक 3ची वेळ 1 ऑगस्टपासून पहाटे 4 ऐवजी 5 होणार आहे. हा निर्णय मे महिन्यातला आहे. त्याचं खापर नव्या मॅडमवर फोडू नये, म्हणून मुद्दाम लिहितोय.

आता रजेचं, कारण माणूस बदलला की घोळ नेमका इथेच होतो. गणपतीच्या मंजूर झालेल्या रजा मंजूरच राहतील. गावाची तिकिटं काढलेल्यांनी निर्धास्त राहावं. पण जो अर्ज अजून ‘पेंडिंग’ दिसतोय, तो घरत सरांच्या आयडीवर अडकलेला आहे. 17 तारखेला तो आयडी बंद होईल आणि अर्ज आपोआप मॅडमकडे जाणार नाही. तो तसाच लटकून राहतो आणि ते दिवस पगारात बिनपगारी धरले जातात. म्हणून आपले पेंडिंग अर्ज बुधवार, 15 जुलैपर्यंत घरत सरांकडून निकाली काढून घ्या. राहून गेला, तर अर्ज रद्द करून 18 तारखेनंतर नव्याने टाका. ओव्हरटाइमचंही तसंच. हजेरीचा महिना 20 तारखेला बंद होतो. 17 पर्यंतच्या तासांच्या शीटवर घरत सरांची सही 17 लाच घ्या. त्यांनी न पाहिलेल्या तासांवर मॅडम सही करणार नाहीत, आणि ते योग्यच आहे.

खरेदीच्या मंजुरीची मर्यादा पूर्वीचीच, 25,000 रुपये. त्यावरचं माझ्याकडे. ई-वे बिल काढणाऱ्यांचे स्वतंत्र लॉगिन चालूच राहतील, त्यात काही करायचं नाही.

तापमानाच्या अलार्मबद्दल मात्र मला थोडी काळजी आहे. अलार्म वाजला की यंत्रणा पहिला फोन शिफ्ट इंजिनियरला लावते, दुसरा व्यवस्थापकाला, तिसरा मला. 17 तारखेला संध्याकाळी 6 वाजता मेंटेनन्स विभाग घरत सरांचा नंबर काढून मॅडमचा टाकेल आणि फ्रोझन खोलीच्या सेन्सरवर चाचणी अलार्म वाजवून बघेल. सहानंतर पंधरा-वीस मिनिटं घंटी वाजली तर धावपळ करू नका. पण साडेसहाच्या पुढे वाजली तर ती खरी समजा. पावसाळ्यात वीज गेली आणि जनरेटर सुरू व्हायला वेळ लागला, तर दरवाजे बंद ठेवायचे, डॉकवर अर्धवट उतरवलेला माल आधी आत घ्यायचा आणि मगच फोन करायचा. या क्रमात काहीही बदल नाही. तापमानाची नोंद दर दोन तासांनी, हेही पूर्वीसारखंच.

ओळखीची बैठक सोमवारी, 6 जुलैला कँटीनमध्ये आहे. सकाळच्या पाळीसाठी दुपारी 1.30 वाजता, दुसऱ्या पाळीसाठी 3 वाजता. रात्रपाळीच्या लोकांना त्यासाठी दिवसा यायची गरज नाही, मॅडम त्याच रात्री 10.30 वाजता डॉकवर येतील. आठवड्याची गुरुवारची बैठक चालू राहील, फक्त पहिल्या दोन गुरुवारी मॅडम ऐकायला बसतील आणि बैठक घरत सर चालवतील.

घरत सरांचा निरोप समारंभ शुक्रवारी, 17 तारखेला दुपारी 4 वाजता आहे. वर्गणीसाठी दुसऱ्या पाळीच्या सुपरवायझरांना भेटा.

काही शंका असेल तर मला एक्स्टेंशन 214 वर फोन करा. ज्यांना ईमेल नाही, त्यांच्यासाठी हेच पत्र गेटजवळच्या फलकावर लावत आहोत. सुपरवायझरांनी आपापल्या टोळीला ते वाचूनही दाखवावं.

आपला,
मिलिंद पेडणेकर
ऑपरेशन्स प्रमुख, तुर्भे