सायक्लोट्रॉनचे उदाहरण: आयनांची वारंवारता आणि जास्तीत जास्त गतिज ऊर्जा

(बारावी विज्ञान आणि बी.एस्सी. पहिले वर्ष, रविवारचे उदाहरण सत्र, नागपूर)

प्रश्न

पेट स्कॅनसाठी लागणाऱ्या फ्लोरिन-18चे अर्धायुष्य जेमतेम 110 मिनिटे असते. मुंबईहून समृद्धी महामार्गाने 8 तासांत नागपूरला आणले, तर हाती किती उरेल? अर्धायुष्ये झाली 480 ÷ 110 ≈ 4.4, म्हणजे जेमतेम 5 टक्के. म्हणून समजा, नागपुरातच प्रोटॉनचा एक लहान सायक्लोट्रॉन बसवायचा आहे. त्याचे चुंबकीय क्षेत्र 1.4 टेस्ला, डींची उपयुक्त त्रिज्या 45 सेंमी आणि दोन डींमधला जास्तीत जास्त विभवांतर 40 किलोव्होल्ट आहे.

(अ) आंदोलकाची वारंवारता किती ठेवावी?
(आ) बाहेर पडणाऱ्या प्रोटॉनची गतिज ऊर्जा किती?
(इ) त्यासाठी प्रोटॉनला किती फेऱ्या माराव्या लागतील?
(ई) क्षेत्र तेच ठेवून ड्यूटेरॉन आणि अल्फा कण सोडले तर काय बदलेल?

दिलेले स्थिरांक: e = 1.602 × 10⁻¹⁹ C, प्रोटॉनचे वस्तुमान 1.673 × 10⁻²⁷ kg, ड्यूटेरॉनचे 3.344 × 10⁻²⁷ kg, अल्फाचे 6.645 × 10⁻²⁷ kg.

उकल

(अ) वर्तुळात फिरवणारे अभिकेंद्री बल चुंबकीय क्षेत्रच पुरवते:

qvB = mv²/r, म्हणून v/r = qB/m = ω

उजव्या बाजूला ना v आहे, ना r. सगळी गंमत इथेच आहे. कण वेगवान झाला की वर्तुळ तेवढ्याच प्रमाणात मोठे होते आणि फेरीचा वेळ तोच राहतो. म्हणून एकाच स्थिर वारंवारतेचा आंदोलक शेवटपर्यंत पुरतो.

ω = (1.602 × 10⁻¹⁹ × 1.4) / (1.673 × 10⁻²⁷) = 1.341 × 10⁸ rad/s
f = ω/2π = 2.13 × 10⁷ Hz = 21.3 MHz

सर्वाधिक गुण इथेच जातात. 2π ने भागायचे राहिले की उत्तर 134 मेगाहर्ट्झ येते. पडताळा एका ओळीचा: प्रोटॉनसाठी दर टेस्लाला सुमारे 15.25 मेगाहर्ट्झ. 1.4 × 15.25 = 21.35, म्हणजे आपण बरोबर आहोत. दुसरी शंका अशी की एका फेरीत दोन डींमधली फट दोनदा ओलांडली जाते, मग वारंवारता दुप्पट का नाही? कारण आंदोलकाच्या एका पूर्ण आवर्तनात ध्रुवता दोनदा उलटते. अर्ध्या फेरीला अर्धे आवर्तन, हिशेब तिथेच मिटतो.

(आ) कण डीच्या काठाशी पोहोचला की r = R:

v = ωR = 1.341 × 10⁸ × 0.45 = 6.03 × 10⁷ m/s
K = ½mv² = q²B²R²/2m = 3.04 × 10⁻¹² J = 19.0 MeV

जूलवरून एमईव्हीत येताना 1.602 × 10⁻¹³ ने भागा. सूत्रात विभवांतर कुठेच नाही, तरी 40 किलोव्होल्ट दिले आहेत म्हणून ते कुठेतरी कोंबायचा मोह होतो. ऊर्जा ठरते B आणि R वरून, विभवांतर फक्त फेऱ्या ठरवते. प्रश्नात व्यास दिला असेल तर आधी निम्मा करा, कारण R चा वर्ग आहे आणि चूक थेट चौपट होते.

(इ) प्रत्येक ओलांडणीला 40 keV, एका फेरीत दोन ओलांडण्या, म्हणजे 80 keV.

फेऱ्या = 19.0 MeV / 80 keV ≈ 238

फेऱ्यांना लागणारा वेळ 238 ÷ 21.3 MHz ≈ 11 मायक्रोसेकंद.

(ई) f हे q/m च्या आणि K हे q²/m च्या प्रमाणात.

ड्यूटेरॉन: f = 10.7 MHz, K = 9.5 MeV
अल्फा: f = 10.7 MHz, K = 19.1 MeV

अल्फाचा प्रभार 2e आहे, हे विसरले तर ऊर्जा चौथाई येते. प्रोटॉन आणि अल्फाची ऊर्जा जवळपास सारखी निघाली हा योगायोग नाही: प्रभार दुप्पट, वस्तुमान जवळपास चौपट, आणि 2² / 4 = 1. आंदोलक 21.3 मेगाहर्ट्झवरच ठेवून ड्यूटेरॉन चालवायचा म्हटले तर क्षेत्र 2.8 टेस्ला लागेल. लोखंड 2 टेस्लाच्या आसपासच संपृक्त होते, त्यामुळे साध्या विद्युतचुंबकाने ते जमणार नाही. व्यवहारात वारंवारताच बदलतात.

आता पुस्तकी उत्तराच्या पलीकडे

प्रोटॉनचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या 20 टक्के निघाला. सापेक्षतेचे सूत्र वापरले तर pc = 188.9 MeV, आणि

K = √(938.3² + 188.9²) − 938.3 ≈ 18.8 MeV

ऊर्जेत फरक 1 टक्का. परीक्षेत तो सोडून द्या. पण वारंवारतेच्या बाबतीत तो यंत्राला सोडत नाही. शेवटी γ = 1.02, म्हणजे प्रोटॉनची वारंवारता 2 टक्क्यांनी घटून 20.9 मेगाहर्ट्झ झालेली असते. 2 टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण ही चूक दर फेरीला साठत जाते. सरासरी 1 टक्का धरला तर दर फेरीला 3.6 अंश आणि 238 फेऱ्यांत सुमारे 860 अंश. 90 अंशांपलीकडे तर फटीतले क्षेत्र कणाला ढकलण्याऐवजी मागे ओढू लागते. ढोबळ हिशेबाने ही वेळ 77व्या फेरीलाच, जेमतेम 6 एमईव्हीवर येते. म्हणजे एकसमान क्षेत्राचे, 40 किलोव्होल्टचे हे यंत्र 19 एमईव्हीपर्यंत पोहोचणारच नाही! उपाय म्हणजे त्रिज्येबरोबर क्षेत्र तेवढ्याच 2 टक्क्यांनी वाढवत नेणे. पण बाहेर वाढणारे क्षेत्र कणांना वरखाली विखुरते. म्हणून चुंबकाच्या ध्रुवांना आलटून पालटून उंच-सखल खंड पाडतात आणि त्या खंडांच्या कडा कणांना पुन्हा मध्यपातळीत आणतात.

हाच हिशेब चुंबकाच्या स्थिरतेलाही लागू पडतो. क्षेत्र 0.1 टक्क्याने ढळले तर दर फेरीला 0.36 अंश, 238 फेऱ्यांत 86 अंश. शलाका जवळपास गेलीच. म्हणून स्थिरता दहा हजारांत एक भाग किंवा त्याहून चांगली लागते. नागपूरच्या मे महिन्यातल्या 45 अंशांत हे सोपे नाही. तांब्याचा रोध दर अंशाला 0.39 टक्के वाढतो. वेटोळ्याला स्थिर विभवांतराचा पुरवठा असेल तर 1 अंशानेच प्रवाह 0.4 टक्के घसरेल. म्हणून पुरवठा स्थिर प्रवाहाचा ठेवतात. थंड पाण्याचे फिरते चक्रही लागते, कारण लोखंड तापून फुगले तरी ध्रुवांमधले अंतर आणि त्यासोबत क्षेत्र बदलते.

सरावासाठी

B = 1.1 T, R = 60 सेंमी, कण ड्यूटेरॉन, दोन डींमधला विभवांतर 50 किलोव्होल्ट. f, K आणि फेऱ्या काढा.

उत्तर: 8.39 MHz, 10.4 MeV, सुमारे 104 फेऱ्या. K चे उत्तर 41.7 आले असेल तर 60 सेंमीऐवजी व्यास घातला गेला आहे, 20.9 आले असेल तर वस्तुमान प्रोटॉनचे राहून गेले आहे.