प्रा. सु. मोरे, महाराष्ट्र पोलीस

फोटोत खाकी वर्दीत उभी आहे ती माझी लेक, प्राजक्ता. काल तिचं दीक्षांत संचलन झालं. आता ती पोलीस शिपाई आहे, सातारा जिल्हा पोलीस दलात. शेजारी निळ्या साडीत मी, तिची आई. फोटोत आम्ही दोघीच आहोत, कारण घरात आम्ही दोघीच आहोत.

फोटो जरा मोठा करून तिच्या खिशावरची नावाची पट्टी बघा. प्रा. सु. मोरे. त्यातला ‘सु’ म्हणजे सुनीता. म्हणजे मी.

शाळेत घालताना मी तिचं पूर्ण नाव प्राजक्ता सुनीता मोरे असं लिहिलं होतं. ‘वडिलांचं नाव राहिलंय’ म्हणून समोरच्या माणसानं फॉर्म माझ्याकडे सरकवला. काही राहिलेलं नाही असं सांगून मी तो तसाच परत सरकवला. तेव्हापासून दहावीचं सर्टिफिकेट, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक, भरतीचं हॉलतिकीट, सगळीकडे हेच नाव चालत आलंय. 1 मे 2024पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आता आईचंही नाव येतं. चांगलं झालं. आमच्या घरी ते आधीपासूनच होतं. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणूनही माझंच नाव आहे.

मोरे कुठले, माहेरचे की सासरचे, असं अजूनही विचारलं जातं. आमचे.

आता तिच्या कष्टांबद्दल, कारण हा दिवस तिचा आहे.

पोलीस भरती म्हणजे काय हे ज्यांच्या घरी पोरं ग्राउंड मारतात त्यांनाच कळतं. मैदानीला 50 मार्क. मुलींना आठशे मीटरचे 20, शंभर मीटरचे 15 आणि गोळ्याचे 15. त्यातून तरलात तर 100 मार्कांची लेखी, आणि मग दोन्ही मिळून मेरिट. अर्ध्या-एक मार्कावर पोरी बाहेर राहतात. आधीच्या भरतीत प्राजक्ता तशीच थोडक्यात राहिली होती. यादी लागली त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला बूट घालून दारात उभी होती. ‘आई, मोबाइल घे, टायमर लावायचाय.’

आठशे मीटरमध्ये तिचा घोळ शेवटच्या दोनशेला व्हायचा. पहिली फेरी जोरात घ्यायची आणि मग पोटऱ्या भरून यायच्या. सरांनी तिला सुरुवातीला दम राखून धावायला शिकवलं. त्यात महिने गेले. गोळा चार किलोचा. मानेला टेकवून, गुडघ्यातून उठून, शेवटी बोटांनी ढकलायचा. सुरुवातीला ती नुसत्या खांद्याच्या जोरावर फेकायची आणि रात्री हात वर होत नसे. मी तेल चोळून द्यायचे, ती डोळे मिटून चालू घडामोडी पाठ म्हणायची.

अभ्यास झाला तो माझ्या शिलाई मशीनशेजारी. लग्नसराईत ब्लाऊज उरकायला मला रात्री एक वाजायचा. मशीन थांबलं की मी हुक-काजं घेऊन बसायचे आणि हातातलं काम न थांबवता तिला प्रश्न विचारायचे. समास ओळख. ग्रामसभा कधी कधी होते? या संख्यामालेत पुढचा अंक कोणता? पुस्तक माझ्या मांडीवर, उत्तरं तिच्या तोंडात. माझं शिक्षण दहावीपर्यंत, पण त्या दोन वर्षांत पंचायत राज मलाही पाठ झालं.

2024च्या जूनमध्ये ग्राउंड होतं. ऐन पावसात. एकदा मैदानात पाणी साचलं म्हणून तारीख पुढे गेली. एवढ्या तयारीनंतर ताटकळत बसणं फार वाईट असतं. नव्या तारखेला आम्ही पहाटेच पोहोचलो. पालकांना आत सोडत नाहीत, त्यामुळे मी गेटबाहेर छत्री धरून उभी राहिले. आजूबाजूला सगळे आई-बापच होते. कुणी ऊस तोडून आलेले, कुणी रिक्षा लावून आलेले. कुणीही कुणाला घरचं काही विचारलं नाही. सगळे एवढंच विचारत होते, ‘तुमचीचा चेस्ट नंबर किती?’

ती चिखलानं माखून बाहेर आली आणि लांबूनच ओरडली, ‘आई, आठशे बसलं!’

काल संचलनात ती तिसऱ्या रांगेत होती. मी शिलाई करणारी बाई, माझी नजर आधी वर्दीच्या खांद्यावर गेली. शिवण सरळ होती, बाही दंडावर बरोबर बसली होती, कॉलरला एक सुरकुती नव्हती. मग ‘दाहिने देख’ झालं, सगळ्या माना एकदम वळल्या, आणि मला तिचा चेहरा दिसला. मी रडले. भरपूर रडले आणि त्याचं मला काही वाटत नाही.

कालपासून फोन चालू आहेत. मनापासून शुभेच्छा देणाऱ्यांचे मनापासून आभार. काही जणांनी आडून विचारलं, ‘तिच्या वडिलांना कळवलंत का?’ काहींनी सरळच विचारलं, नेमकं काय झालं होतं. जे झालं ते मला माहीत आहे आणि प्राजक्ता मोठी झाल्यावर तिला मी सांगितलं आहे. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांची यादी तिथे संपते.

‘आई आणि बाप दोन्ही झालीस’ असंही बरेच जण लिहितायत. प्रेमानं लिहितायत, कळतं मला. पण मी आईच होते. पैसे कमावणं, फी भरणं, रात्री दाराला कडी लावणं, पहाटे माळावर सोबत जाणं, हे सगळं आईनं केलं. ते आईच्याच नावावर राहू द्या. आणि ‘बिचारी’ म्हणू नका. आमच्या घरात पैसा कमी होता, हसणं कधी कमी नव्हतं.

‘आता लग्नाचं बघा’ म्हणणाऱ्यांनाही सांगते. आता ती नाइट ड्यूटी करेल, गणपतीच्या बंदोबस्ताला उभी राहील, वारीत चालणाऱ्यांना रस्ता करून देईल. बाकीचं ती ठरवेल. ठरवल्यावर तुम्हाला सांगावंसं वाटलं तर सांगेल.

काही ऋण मात्र आहेत आणि ती मी मोठ्यानं सांगणार. फी थकली तरी ज्यांनी प्राजक्ताला एक दिवसही ग्राउंडवरून परत पाठवलं नाही ते सर. लेखीच्या महिन्यात रोज संध्याकाळी भाकरी धाडणाऱ्या आमच्या घरमालकीण काकू. शिलाई उशिरा मिळाली तरी ‘पोरीची परीक्षा होऊ दे आधी’ म्हणणारी माझी गिऱ्हाइकं. आणि माझी आई. मी लेकीला कडेवर घेऊन दारात आले तेव्हा तिनं एकच विचारलं होतं, ‘जेवलीस का?’ काल ती असायला हवी होती.

प्राजू, तू धावलीस, तू फेकलास, तू लिहिलंस, तू मिळवलंस. मला तुझा अभिमान आहे. पहिला पगार मला आणून देऊ नकोस. स्वतःसाठी चांगले बूट घे, दिवसभर उभं राहायचंय तुला.

साताऱ्याचे कंदी पेढे दुकानात आणून ठेवलेत. रविवारपर्यंत कधीही या, ब्लाऊज शिवायचा असो वा नसो. प्राजक्ता शनिवारी घरी आहे. तिला भेटायचं असेल तर अकरानंतर या, त्याआधी तिला झोपू द्यायचंय.