आई येईपर्यंत इथंच

जेजुरी, सोमवती अमावस्या. नंदी चौकाजवळ रेवड्यांच्या दुकानाशी एक मुलगा एकटाच रडतोय. स्वयंसेविका समोरून येते, दोन हात अंतरावर थांबते आणि गुडघे टेकून बसते.

– काय रे राजा, कुणाला शोधतोयस?

– …

– नको बोलूस लगेच. मी बसते इथंच. माझ्या दंडावरची ही पट्टी बघ. जत्रेत कुणी चुकलं, की त्याच्या आईला शोधायचं, हे माझं काम. मला मावशी म्हण. तुझं नाव काय?

– ओम.

– ओम, आई हरवली?

– हं.

– आपण शोधू तिला. तीही तुला शोधत असेल. रडू आलं तर रड, काही हरकत नाही. डोळ्यात भंडारा गेलाय का? हा घे रुमाल, तूच पूस. चोळू नको, हळू टिप. पाणी पितोस? ही बाटली बंद आहे, तू उघड.

– तुमच्याबरोबर नाही येणार. आई ओरडते.

– शहाणा आहेस. अनोळखी माणसाबरोबर जायचंच नाही. आपण कुठंच जायचं नाही. या दुकानापाशीच थांबू. खाकी कपड्यातल्या पोलीस ताईला मी इथंच बोलावते. चालेल?

– हं.

– आजी आईला काय हाक मारते?

– सुनंदा.

– छान सांगितलंस. साडी कुठल्या रंगाची?

– पिवळी.

– आज सगळेच पिवळे झालेत बघ! भंडाऱ्याखाली कुठला रंग होता?

– हिरवा. बाळ आहे कडेवर.

– बाळ! मग लगेच ओळखू येईल. थांब, फोन लावते, तूही ऐक. ‘हॅलो, रेवड्यांच्या दुकानापाशी एक मूल आहे. सुनंदाताईंना मदत केंद्रावर बोलवा, एवढंच पुकारा. मुलाचं नाव, कपडे माइकवर नको. कुणीही येऊन माझंच म्हणेल. ताई आल्या की त्यांच्याकडूनच विचारून घ्या आणि पोलीस ताईंसोबत इकडं पाठवा.’ ऐकलंस? आता आईचं नाव भोंग्यावर येईल.

– येळकोट ओरडतायत, भीती वाटते.

– आवाज मोठाच आहे. पालखी कऱ्हेला निघाली ना, म्हणून. कानावर हात ठेव. मी पण ठेवते. एक चप्पल कुठाय?

– पायरीवर पडली.

– मग या पिशवीवर पाय ठेव, फरशी तापलीय. रेवडी देऊ, की आई आल्यावर खायची?

– आई आल्यावर.

– बरं. तोपर्यंत मुठीत धर… ते बघ, पोलीस ताईंबरोबर कोण येतंय? नको धावू, त्यांनाच इकडं येऊ दे. या ताई. रागावू नका त्याला, एका जागी थांबला होता. आधी एवढं सांगा, याचं नाव काय, आणि पायात काय होतं?

– ओम… ओम्या! निळी चप्पल होती हो!

– ओम, ही कोण?

– आई!

– जा.