एकदाच सांगते

नमस्कार.

आपली ओळख नाही. रविवारी सकाळी सिंहगडावरून मी टाकलेल्या सव्वा मिनिटाच्या व्हिडिओखाली तुम्ही लिहिलंत: "ताई, आधी तुम्ही कमी व्हा, मग व्हिडिओ टाका. गड खचेल. टी-शर्ट तरी सैल घालायचा. राग मानू नका, तब्येतीच्या काळजीने सांगतोय." आणि पुढे हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन चेहरे.

राग मानलेला आहे. तेवढं आधी नोंदवून ठेवते.

आता कामाचं. माझं वजन, माझ्या अंगाचा आकार, माझे कपडे मला कसे बसतात, यावर इथे मी कुणाचंही मत मागितलेलं नाही. तुमची ओळ आज रात्री दहापर्यंत राहू देते, म्हणजे हे उत्तर कशाला आहे ते वाचणाऱ्याला कळेल. दहानंतर ती काढणार. पुन्हा याच विषयावर तुमचा एक शब्द जरी आला, गमतीत, काळजीने किंवा 'मी फक्त म्हटलं' म्हणून, तर तो काढेन आणि तुम्हाला ब्लॉक करेन. दुसऱ्यांदा समजवायला येणार नाही.

तुमच्यापुरतं उत्तर इथे संपलं. बाकीचं लिहितेय कारण तुमची ओळ माझ्याखेरीज आणखी बऱ्याच जणींनी वाचली आहे.

आधी गडाचं. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे रात्री कडा चढून आले तेव्हा तो खचला नाही. १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफा खाऊनही उभा आहे. माझ्या ८६ किलोंचं तो बघून घेईल, तुम्ही निवांत राहा.

तुम्ही व्हिडिओ आवाज बंद ठेवून पाहिलात की काय, कोण जाणे. मी त्यात सांगत होते की आतकरवाडीतून पुणे दरवाजापर्यंत मी पहिल्यांदाच मध्ये कुठेही न बसता चढले. एक तास अठ्ठावीस मिनिटं. त्या वाटेवर अर्ध्याहून कमी वेळात वर पोचणारे साठीचे काका दर रविवारी भेटतात, त्यांच्यापुढे माझा वेग म्हणजे लग्नाची वरात. पण गेल्या वर्षी जूनमध्ये मला हीच वाट दोन तास पन्नास मिनिटं लागली होती आणि मी अकरा वेळा बसले होते. अकरा हा आकडा मला पाठ आहे, कारण प्रत्येक वेळी बसताना 'आता परत फिरू या' असं मनात आलं होतं. तेव्हाही वजन ८९ होतं. म्हणजे दीड वर्षात वजन तीन किलोंनी हललं आणि वेळ ब्याऐंशी मिनिटांनी. व्हिडिओ त्या ब्याऐंशी मिनिटांचा होता.

टी-शर्टचं आता. सैल सुती टी-शर्ट मी घालून पाहिलाय. घामाने तो ओला गच्च होतो, काखेत आणि मांडीपाशी घासतो, आणि खाली आल्यावर आंघोळीचं पाणी अंगावर पडलं की कळतं कुठेकुठे सोललंय. करवंदीच्या जाळीत अडकतो तो वेगळाच. अंगाबरोबर बसणारा कपडा मी त्यासाठी घेतला. कुणाच्या नजरेची सोय बघून कपडे निवडायचे दिवस कॉलेजात होते, तेव्हाही ते फार बरे गेले नव्हते.

'तब्येतीच्या काळजीने' याकडे मात्र मी जरा थांबणार आहे, कारण ही पळवाट सगळेच वापरतात. माझी मामीसुद्धा. फरक एवढाच की मामी त्यानंतर स्वतःच्या हाताने नाचणीची भाकरी करून पाठवते.

काळजी असलेल्या माणसाने निदान एवढं वाचलेलं असतं. इथे आपल्या पुण्यात केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी मधुमेहावर अनेक वर्षं काम केलं आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. पण मोजल्यावर युडकिन यांच्या शरीरातली चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२. दोन तज्ज्ञांनी स्वतःचेच फोटो छापून दाखवून दिलं की नुसतं बघून आतलं कळत नाही, आपल्या भारतीय शरीरांत तर नाहीच. तुम्ही सव्वा मिनिटाच्या व्हिडिओवरून, तोही हलत्या मोबाइलचा, माझ्या तब्येतीचं निदान केलंत.

मग माझे आकडे सांगते. दीड वर्षापूर्वी तीन महिन्यांची साखर ६.३ होती, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. सप्टेंबरमध्ये ५.६ आली. थायरॉइडची गोळी आठ वर्षांपासून चालू आहे, रोज सकाळी उपाशीपोटी. कंबरेचा घेर आजही ९६ सेंटिमीटर, आणि भारतीय बायकांसाठी ८० च्या वर धोका मानतात हे मला माहीत आहे, माझ्या डॉक्टरांना माहीत आहे. ते बोलतातही माझ्याशी त्यावर. दार लावून, समोर फाइल ठेवून, आणि मी फी देते त्याची.

हे लिहून झालं आणि स्वतःचीच चीड आली. मी तुम्हाला रिपोर्ट का दाखवतेय? साखर ५.६ आली नसती, चांगली सात-आठ आली असती, तर काय तुमच्या तीन हसऱ्या चेहऱ्यांना परवानगी मिळाली असती? वाईट रिपोर्ट असलेल्या बाईला तर गडावर जायची जास्त गरज. तेव्हा वरचा परिच्छेद माझी सफाई म्हणून वाचू नका. खोडणार होते, पण याज्ञिकांची गोष्ट ज्यांना ठाऊक नव्हती त्यांच्यासाठी आणि उंबरठ्यावर असलेल्या बायकांसाठी ठेवलाय. मी तब्येतीने ठणठणीत आहे म्हणून मान द्या असं माझं म्हणणं नाही. ओळख नसलेल्या माणसाशी जेवढ्या रीतीने बोलतात तेवढ्या रीतीने बोला, एवढंच.

आणि ते 'ताई'. ताई म्हणून पुढे जे काही बोलाल ते आपोआप सभ्य होत नाही. घरी बहीण असेल तर भाऊबीजेला पाटावर बसल्यावर तिला 'आधी कमी हो, मग ओवाळ' म्हणून बघा.

त्याच रात्री साडेअकराला तुम्ही मला खासगीत मेसेज पाठवलात: "मॅडम वाईट वाटलं असेल तर सॉरी, माझ्याकडे एक पावडर आहे, महिन्यात ८ किलो गॅरंटी, डाएट चार्ट फ्री." इथे ताई, तिथे मॅडम. म्हणजे काळजी कशाची होती ते कळलं. पावडर नको. चार्ट नको. परत खासगीत लिहू नका, लिहिलंत तर न वाचता तक्रार नोंदवणार आहे. इथे वाचणाऱ्यांनाही सांगते, महिन्यात आठ किलोंची हमी देणाऱ्या डब्यातलं काहीही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तोंडात टाकू नका, निदान थायरॉइड किंवा साखरेची गोळी चालू असलेल्यांनी तर नकोच.

माझ्या बाजूने धावून आलेल्या मंडळींनाही एक गोष्ट. तुमचं प्रेम पोचलं. पण ह्या गृहस्थांच्या टकलावर चार ओळी आल्या होत्या, एक त्यांच्या पोटावर, एक त्यांच्या दातांवर. त्या सहाही मी काढल्या. टक्कल बघून मलाही पटकन एक चांगली कोटी सुचली होती, खोटं कशाला बोलू. पण पाटी एकदा लावली की ती दोन्ही बाजूंनी वाचता आली पाहिजे. त्यांनी काय लिहिलं यावर बोला, हवं तेवढं कडक बोला. डोक्यावर किती केस आहेत हा विषय नाही.

बोलायला विषय काय कमी आहेत? रविवारीच एकीने लिहिलं, "तुमचा उजवा गुडघा दुखतो म्हणता आणि काठी उजव्याच हातात धरलीये. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या उलट्या हातात हवी." मी ती काठी कित्येक महिने चुकीच्या हातात घेऊन फिरत होते! फिजिओथेरपिस्टला विचारलं, ते म्हणाले बरोबर आहे त्यांचं. ती बाईही मला ओळखत नाही. तिनेही माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, पण पाहिलं ते चालणं. उतरताना टाच आधी टेकते का, बूट घसरतात का, मी दमल्यावर पुढे फार वाकते का, हे सगळं मला सांगा. कडक शब्दांत सांगा. माझा वेळ फार झाला असं वाटत असेल तर तेही सांगा, त्याने मला काही होत नाही.

खरं म्हणजे मी हे उत्तर लिहिणारच नव्हते. अंगावरचे शेरे मी शाळेच्या कवायतीपासून ऐकते, त्यांचा आता फारसा आवाज येत नाही. गुपचूप काढून टाकलं असतं. पण तुमच्या ओळीच्या बरोबर वर एका बाईंनी लिहिलं होतं, "ताई, माझं वजन तुमच्याएवढंच आहे, मला चढायला जमेल का? लाज वाटते एकटीला." दुपारी मी त्यांना उत्तर द्यायला आले तर ती ओळ नव्हती. त्यांनी स्वतःच काढली होती. मधल्या दोन तासांत तुमचे तीन चेहरे आले होते आणि त्यांवर एकोणीस जणांनी हसून आपलाही शिक्का मारला होता. हे तुमच्या खात्यावर आहे. माझी माफी मागायचा विचार असेल तर तो सोडा, मला ती नको. त्या बाईंचं नाव मी इथे सांगणार नाही आणि तुम्ही ते शोधायला जाऊ नका.

तुमच्याशी बोलणं संपलं. यावर उत्तर आलं तरी मी वाचणार नाही.

आणि त्या बाईंना, तुम्ही हे वाचत असाल तर: जमेल. पहिल्या दिवशी दरवाजापर्यंत जायचंच नाही. येत्या रविवारी पहाटे पावणेसहाला आतकरवाडीत जिथे गाड्या लावतात तिथे मी उभी असेन, निळी टोपी, काठी डाव्या हातात. अर्धा तास वर जाऊ, दम लागला की बसू, मग खाली येऊ. अकरा वेळा बसलात तर माझ्याशी बरोबरी. जुने बूट चालतील, फक्त तळ गुळगुळीत झालेले नकोत. पाण्याच्या दोन बाटल्या घ्या. ताकाचे पैसे मी देईन.