सातातले तीन

आमच्या संघात बारा मुली. सात मैदानात, पाच बाकावर, आणि त्या पाचांतली शेवटची मी. माझी खरी जागा म्हणजे वही. जूनमध्ये सरांनी दोनशे पानी वही माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "तुझं अक्षर बरं आहे, तू लिही." दम कमी आहे हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, एवढा त्यांचा चांगुलपणा. तेव्हापासून कुठल्या सामन्यात कोण उतरली, कोण बाद झाली, लोण कुणी कुणावर चढवला, सगळं माझ्याकडे. ही गोष्ट रेश्माची असली तरी वही माझी आहे, हे आधीच सांगून ठेवते.

भांडण होतं डाव्या कोपऱ्याचं. तिथे दोघी खेळायच्या, पूजा आणि रेश्मा. पूजा उंच, खांदे रुंद. तिनं मांडीला मिठी मारली की समोरची मध्यरेषेकडे बघत बघतच खाली बसते. रेश्मा तिच्या खांद्याएवढी. ती वाकून उभी राहते, डोळे समोरचीच्या पायांवर, आणि बोनससाठी पाय पुढे आला रे आला की घोट्यात हात. चुकला हात तर गुण गेला. बसला तर मैदानाबाहेरचे लोक आधी गप्प होतात आणि मग ओरडतात.

तालुक्याच्या अंतिम सामन्याला चार दिवस होते. सरावानंतर सर म्हणाले, "कोपऱ्यात पूजा."

रेश्मा म्हणाली, "का सर?"

आमच्याकडे असं कुणी विचारत नाही. सर रागावले नाहीत, शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाले, "मला वाटतं, पूजा असली की आपण जास्त जिंकतो."

"वाटतं ना सर? मग मोजूया की."

आणि माझी वही उघडली गेली.

मोजायला अर्धा तास लागला, कारण मी जूनचे सामने पेन्सिलीनं लिहिले होते आणि त्यावर पाणी सांडलं होतं. एकूण सामने २०, जिंकलेले १३. म्हणजे ६५ टक्के. कोपऱ्यात ज्या मुलीनं सामना सुरू केला, तिच्या नावावर तो सामना, असं रेश्मानंच ठरवलं; मध्येच बदली झाली तरी खातं बदलायचं नाही. मग दोन रकाने पाडले. पूजाचे ११ सामने, त्यात ८ विजय. रेश्माचे ९, त्यात ५.

भागाकार तिनंच केला. पूजा ७३ टक्के. रेश्मा ५६ टक्के.

मी तिच्याकडे बघितलंच नाही. स्वतः होऊन हिशेब मागायचा आणि तो आपल्याच डोक्यावर आदळावा, याच्याइतकी फजिती दुसरी नसेल. सरांनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला. "चांगलं केलंस मोजलंस ते," म्हणाले. ते चिडवत नव्हते, म्हणून जास्त लागलं.

घरी जाताना ती एक शब्द बोलली नाही. कोपऱ्यावर थांबली आणि म्हणाली, "वही दे. उद्या देते."

"रडायला वही कशाला?"

"दे गं."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं मला पाण्याच्या टाकीमागे नेलं. डोळे सुजलेले होते, पण झोपेनं, असं ती म्हणाली. वहीच्या मागच्या पानावर तिनं सगळे २० सामने पुन्हा लिहून काढले होते, या वेळी समोर कोण होतं त्यासकट.

"आठव," ती म्हणाली. "मी कधी खेळले? पूजा गोळाफेकीला गेली की. आणि तिच्या गोळाफेकीच्या तारखा कशाच्या अंगावर यायच्या? मोठ्या निमंत्रित स्पर्धांच्या. गावागावांतल्या मैत्रीच्या सामन्यांना ती असायची. जिथे पहिल्या दहा मिनिटांत लोण चढतो, तिथे ती. जिथे आपल्यावर चढतो, तिथे मी."

मला हे इतके दिवस दिसलं नव्हतं. लिहिलं मात्र मीच होतं.

तिनं संघांचे दोन गट केले होते, तगडे आणि बाकीचे. आता तगडा कोण, हे ठरवायचं कसं? आपल्याला हरवलं तो तगडा, असं म्हटलं की गणित संपलंच. तिनं सरांच्या खोलीत चिकटवलेली गेल्या वर्षीच्या जिल्हा स्पर्धेची भाग्यपत्रिका, म्हणजे कोण कुणाशी खेळणार त्याचा तक्ता, बघितली होती. त्यात ज्यांचं नाव, तो तगडा. नाव नाही, तो बाकीच्यांत. आपल्याला काय वाटतं ते बाजूला.

तगड्यांविरुद्ध रेश्माचे ७ सामने, विजय ३. म्हणजे ४३ टक्के. पूजाचे ३ सामने, विजय १. म्हणजे ३३.

बाकीच्यांविरुद्ध रेश्माचे २ सामने, दोन्ही जिंकले, शंभर टक्के. पूजाचे ८ सामने, ७ जिंकले, साडेसत्त्याऐंशी.

मी दोनदा वाचलं. तगड्यांत रेश्मा पुढे. बाकीच्यांत रेश्मा पुढे. आणि दोन्ही एकत्र केले की पूजा पुढे. मी म्हटलं, "हे कसं शक्य आहे? कुठेतरी चुकलीस."

"मलाही तसंच वाटलं. रात्री चार वेळा केलं. माझे नवातले सात अवघड आणि तिचे अकरातले आठ सोपे. एकत्र केले की माझ्या खात्यात अवघड जास्त पडतात, तिच्या खात्यात सोपे. अवघड पेपर देणाऱ्या पोरीची आणि सोपा देणाऱ्या पोरीची सरासरी शेजारी ठेवायची, तसं झालं."

आता इथे मी एक गोष्ट केली. पूजाच्या तगड्यांतल्या त्या एका विजयावर बोट ठेवलं. ऑगस्टमधला सामना. त्या दिवशी समोरच्यांच्या दोन मुख्य चढाईपटू आजारी होत्या, माझ्या वहीत समासात तसं लिहिलेलंही होतं. "हा काढून टाक," मी म्हटलं. "हा काही खरा तगडा सामना नव्हता. मग पूजाचे दोनातले शून्य. शून्य टक्के! सर काय बोलणार?"

रेश्मा बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. खोडरबर तिच्या हातातच होतं. मोह झाला होता तिला, मी शपथेवर सांगते.

"यादीत नाव आहे त्यांचं," ती शेवटी म्हणाली आणि खोडरबर मला परत दिलं.

सर संध्याकाळी मैदानावर चुन्याच्या रेषा मारत होते. रेश्मानं पान पुढे धरलं. त्यांनी चुन्याचे हात पँटला पुसले आणि उभ्याउभ्या वाचायला सुरुवात केली. मी मागे उभी, जरूर पडली तर पळायच्या बेतात.

"तगडे कुणी ठरवले? तू?"

"भाग्यपत्रिकेनं सर."

"हं." पुन्हा वाचलं. "सातातले तीन. यातला एक सामना उलटा गेला असता तर?"

"सातातले दोन. साडेअठ्ठावीस टक्के. मग पूजा पुढे." ती उत्तर घरून पाठ करून आली होती.

"म्हणजे एका पकडीवर तुझं सगळं गणित उभं आहे."

"हो सर."

सर हसले नाहीत, पण शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळायला लागले. "हांगझोऊचं माहीत आहे ना? २०२३ मध्ये आपल्या मुलींचा आशियाईतला पहिला सामना चायनीज तैपेईशी. ३४-३४, बरोबरी. अंतिम फेरीत समोर तोच संघ. २६-२५. एका गुणानं सुवर्ण. त्याआधी २०१८ ला जकार्तात इराणकडून अंतिम सामना हरलो, तोही तीन गुणांनी. यांचे टक्के काढून दाखव मला."

"टक्क्यांनी सामना जिंकता येत नाही, माहितीय सर. पण काल तुम्ही टक्क्यांचाच कागद खिशात घातलात."

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा सर पानावर वाकलेले होते. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं होतं, ऑगस्टच्या.

"हा सामना कसा काय धरलास? त्यांच्या दोन पोरी त्या दिवशी तापानं पडल्या होत्या. मला आठवतंय."

"मलाही आठवतंय."

"हा काढला असतास तर पूजाचं शून्य झालं असतं."

"हो सर. पण यादीत नाव आहे त्यांचं. एक काढला की मग माझे कुठले काढायचे, तेही तुम्ही विचारलं असतं."

सर काही बोलले नाहीत. वही मला दिली, रेश्माला नाही, आणि पुन्हा चुन्याचा डबा उचलला. निदान रेषा मारून झाली, बोनस रेषा मारून झाली. ती जरा वाकडी गेली, मी बघितलं. मग डाव्या कोपऱ्यापाशी थांबून, आमच्याकडे पाठ ठेवूनच म्हणाले, "पहिली पंधरा मिनिटं तू. मध्यंतराला बघू. आणि पूजाला मी सांगतो, तुम्ही दोघी तोंड उघडू नका."

पूजाला अर्थातच त्याआधी कळलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. रेश्माशी बोलली, माझ्याशी नाही. वही माझी होती ना. तिसऱ्या दिवशी सरावाला आली, रेश्माच्या शेजारी वाकून उभी राहिली आणि म्हणाली, "त्यांची ती सहा नंबरची आधी डावा पाय टाकते, फसवायला. त्यावर जाऊ नकोस. दुसरा येऊ दे." गोळाफेकीच्या शिबिरात ती त्या मुलीबरोबर एका खोलीत राहिली होती. हे आकड्यांत कुठे धरायचं, मला कळेना.

अंतिम सामन्याला ऊन कडक होतं. नाणेफेक त्यांनी जिंकली आणि चढाई घेतली. आमच्या सातजणी हात धरून पसरल्या. डाव्या टोकाला रेश्मा, गुडघ्यात वाकलेली, शेजारच्या कोमलचा हात घट्ट धरून.

मी नवं पान उघडलं. सामना क्रमांक २१. कोपरा: रेश्मा. गट: तगडा. निकालाचा रकाना मोकळा.

पूजा माझ्या शेजारी बाकावर बसली होती, टॉवेल गळ्यात. तिनं पानात डोकावून बघितलं.

"हरलो तर हा तिच्या खात्यात ना?"

"हो."

"आणि मध्यंतरानंतर मी उतरले आणि जिंकलो तर?"

"तरी तिच्याच खात्यात. सुरू कुणी केला ते बघायचं, असं ठरलंय."

"हे कुणी ठरवलं?"

"रेश्मानं."

"वाटलंच मला," पूजा म्हणाली, आणि तेवढ्यात सहा नंबरची मुलगी मध्यरेषा ओलांडून आली. कबड्डी, कबड्डी म्हणत ती थेट आमच्या डाव्या कोपऱ्याकडे गेली आणि डावा पाय पुढे टाकला.

रेश्मा हलली नाही.