n = 10, x = 0: तुझ्या अ‍ॅब्स्ट्रॅक्टचं मराठी

अरे हे घे, काल रात्री बसून केलं, पोस्टरच्या मराठी बाजूला हेच लाव. आकडा एकही हलवलेला नाही, p, p̂, n, x, α पण जसेच्या तसे. आकडे देवनागरीत मुद्दामच नाही केले, फॉर्म्युल्यात 1.96 आणि खाली १.९६ दिसलं की बघणारा उगाच गोंधळतो.

सारांश: बायनॉमियल प्रपोर्शन p साठी 95% कॉन्फिडन्स इंटरव्हल (α = 0.05) काढायचा म्हटलं की बहुतेक जण वॉल्डचा फॉर्म्युला वापरतात,

```
p̂ ± 1.96 √( p̂(1 − p̂)/n )
```

पण सॅम्पल लहान असलं की तो फसतो. n = 10 मध्ये x = 0 आलं तर p̂ = 0, स्टँडर्ड एरर 0, आणि इंटरव्हल [0, 0], म्हणजे 10 वेळा बघून काही सापडलं नाही एवढ्यावरून p = 0 च आहे असं ठासून सांगितल्यासारखं. त्याच डेटावर विल्सनचा (1927) इंटरव्हल [0, 0.2775] येतो आणि क्लॉपर-पिअर्सनचा (1934) एक्झॅक्ट इंटरव्हल [0, 0.3085]. खरं p = 0.1 आणि n = 10 असताना कव्हरेज प्रॉबॅबिलिटी वॉल्डची 0.6497, विल्सनची 0.9298 आणि क्लॉपर-पिअर्सनची 0.9872. वॉल्डची घसरण मुख्यतः x = 0 मुळे होते, कारण त्याची प्रॉबॅबिलिटीच (0.9)^10 = 0.3487 आहे आणि तेव्हा [0, 0] मध्ये p = 0.1 बसूच शकत नाही. क्लॉपर-पिअर्सनचं कव्हरेज p कितीही असो ≥ 0.95 राहतं, पण त्यासाठी इंटरव्हल रुंद होतो. म्हणून np̂ आणि n(1 − p̂) दोन्ही निदान 5 नसतील तर वॉल्ड वापरू नये.

आता दोन जागा जिथे मी अडलो. शेवटच्या ओळीत आधी मी "5 च्या वर" लिहिलं होतं, मग लक्षात आलं की ते > 5 झालं, तुझ्याकडे ≥ 5 आहे, म्हणून "निदान 5". आणि "एक्झॅक्ट" चं "अचूक" नको करूस प्लीज, ते नाव बायनॉमियल डिस्ट्रिब्युशन थेट वापरतात म्हणून आहे, अचूक म्हटलं की लोक समजणार हाच सगळ्यात बरोबर, आणि वर 0.9872 बघून तर नक्कीच.

हो, आणि प्रिंटला द्यायच्या आधी p̂ वरची टोपी बघ, फाँट बदलला की ती उडते, मग p आणि p̂ एकच दिसतात आणि "p̂ = 0" चं थेट "p = 0" होतं, जे चूक म्हणून दाखवायला तू हे पोस्टर करतोयस.