सदनिका क्र. ७०४ : ताबा घेण्यापूर्वी दोन्ही बाथरूममधील दोष दुरुस्त करून मिळण्याबाबत

दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. प्रकल्प व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व हस्तांतरण विभाग

विषय : बी विंग, सदनिका क्र. ७०४ मधील बाथरूमचे दोष आणि ताब्याची तारीख पुढे ढकलण्याची विनंती

संदर्भ : आपले ३ नोव्हेंबरचे ताबापत्र आणि १५ नोव्हेंबरची संयुक्त पाहणी

महोदय,

२४ नोव्हेंबरला ताबा घ्यावा असे आपले पत्र आम्हाला मिळाले. त्यानुसार शनिवारी, १५ तारखेला सकाळी आम्ही दोघे पती-पत्नी आमच्या ओळखीच्या प्लंबरना घेऊन सदनिका पाहायला आलो. आपले साइट सुपरवायझर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोबत होते. खोल्या, स्वयंपाकघर आणि बाल्कनीबद्दल आमची मोठी तक्रार नाही. किरकोळ गोष्टी त्यांनी त्यांच्या वहीत लिहून घेतल्या आहेत. दोन्ही बाथरूमची स्थिती मात्र ताबा घेण्यासारखी नाही, म्हणून हे पत्र.

सर्वांत गंभीर दोष मास्टर बेडरूमच्या बाथरूममधील जमिनीच्या उताराचा आहे. शॉवरखाली एक बादली पाणी ओतले. त्यातले निम्मे जाळीकडे गेले आणि उरलेले बेसिनखालच्या कोपऱ्यात जाऊन थांबले. अर्ध्या तासाने पाहिले तेव्हाही ते तिथेच होते. लेव्हल लावून मोजले तर जाळीची जागा त्या कोपऱ्यापेक्षा ६ मिलिमीटर उंच निघाली. एक मीटर अंतराला साधारण १० ते १२ मिलिमीटर उतार जाळीच्या दिशेने असायला हवा. इथे तो उलट दिशेने आहे. सुपरवायझर म्हणाले, "वायपरने ओढून घ्यायचं, सगळीकडे असंच असतं." आमच्यासोबत माझे सासरे राहणार आहेत. ते काठी घेऊन चालतात. त्यांनी रोज आंघोळीनंतर वायपर मारावा, ही अपेक्षा आम्हाला मान्य नाही.

याच बाथरूमचा उंबरठाही बेडरूमच्या फरशीपेक्षा जेमतेम ४ मिलिमीटर खाली आहे. आपण दिलेल्या नकाशात हा फरक २० मिलिमीटर दाखवला आहे. उतार उलटा आणि उंबरठा उथळ, या दोन गोष्टी एकत्र आल्या की जाळी एकदा तुंबली तरी पाणी थेट बेडरूममध्ये येणार.

उतार वरवर दुरुस्त होत नाही, हे आपण जाणताच. टाइल्सवर आणखी एक थर चढवला तर उंबरठ्याचा उरलासुरला फरकही जाईल. त्यामुळे जमिनीच्या टाइल्स काढाव्या लागतील, खालचा मॉर्टर फोडावा लागेल, आणि ते करताना वॉटरप्रूफिंगच्या थराला धक्का लागणारच. म्हणून आमची मागणी अशी की फक्त टाइल्स बदलून काम संपवू नये. वॉटरप्रूफिंग पुन्हा करावे, भिंतीवर किमान ३०० मिलिमीटर आणि शॉवरच्या बाजूला त्याहून वर चढवावे, जाळीच्या पाइपभोवतीची आणि भिंत-जमिनीच्या सांध्याची जागा नीट भरावी. मग टाइल्स बसवण्याआधी जाळी बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवावे. त्या दिवशी आम्हाला बोलवावे आणि खालच्या ६०४ मधील छतही आमच्यासमोर पाहावे. टाइल्स बसल्यावर केलेल्या चाचणीवर आम्ही समाधान मानणार नाही. गळती निघाली तर तेव्हा पुन्हा सगळे फोडावे लागेल, आणि ते कोणालाच नको आहे.

गळतीची भीती आम्ही उगाच घेतलेली नाही. याच बाथरूमच्या फॉल्स सीलिंगवर शॉवरच्या बाजूला तळहाताएवढा पिवळसर डाग आहे. सीलिंगची झडप उघडून टॉर्च मारला तेव्हा वरच्या ८०४ च्या जाळीच्या पाइपचा सांधा ओला दिसला आणि त्याभोवतीच्या स्लॅबला पांढरे क्षार फुटलेले होते. म्हणजे पाणी काही दिवसांपासून झिरपते आहे. डाग रंगवून देऊ नये. आधी ८०४ मधून गळती बंद करावी, स्लॅब सुकू द्यावा, मग सीलिंगचा तो भाग बदलावा. ८०४ चे हस्तांतरण अजून झालेले नाही असे सुपरवायझरांकडून कळले. तिथे कोणी राहायला येण्याआधी हे काम करणे आपल्यालाही सोपे जाईल.

भिंतीच्या टाइल्स आम्ही नाण्याने वाजवून पाहिल्या. शॉवरच्या भिंतीवरच्या ११ टाइल्सचा आवाज बद्द येतो. त्यातल्या चार डायव्हर्टरच्या अगदी भोवतीच्या आहेत. मागे सिमेंट नीट भरलेले नाही, हे उघड आहे. या ११ टाइल्सवर आम्ही पेन्सिलने फुली केली आहे. कृपया पुसली जाऊ देऊ नका. खिडकीखालची एक टाइल बाकीच्यांपेक्षा किंचित गडद आहे, पण ती घट्ट बसलेली आहे. ती बदलायला सांगत नाही.

या चार टाइल्स निघणारच आहेत, तर त्याच वेळी डायव्हर्टरही पाहून घ्यावा. त्याला गरम-थंडाची जोडणी उलटी झाली आहे. गीझरच्या जागी सध्या जोडून ठेवलेला पाइप काढून, गरम बाजूला बूच मारून आम्ही पाणी सुरू केले. म्हणजे वाहील ते फक्त थंडच. बेसिनला ते उजवीकडून आले, जसे यायला हवे. शॉवरला मात्र डावीकडून आले. यावरून चूक गीझरपाशी नसून डायव्हर्टरच्या मागे, भिंतीतल्या जोडणीत आहे. सुपरवायझरांनी सुचवले की नॉबवरच्या लाल-निळ्या खुणा बदलून देतो. तसे करू नये. डावीकडे गरम हीच सवय सगळ्यांच्या हाताला असते, आणि चटका बसल्यावर खूण बघून उपयोग नसतो. भिंत बंद करण्याआधी पाइपची दाबचाचणी घ्यावी आणि तिचा आकडा व वेळ लिहून द्यावी.

गीझरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटला अर्थिंग मिळत नाही. टेस्टर लावून आम्ही दोनदा तपासले, सुपरवायझरांनीही पाहिले. या मुद्द्यावर चर्चेला जागा नाही. वायर कुठे तुटली आहे ते शोधून जोडावी आणि आरसीसीबी टेस्ट बटण दाबल्यावर पडतो का, हे आमच्यासमोर दाखवावे. हे झाल्याशिवाय सदनिकेत कोणीही गीझर सुरू करणार नाही, आपली माणसेसुद्धा करू नयेत. शिवाय गीझरचा स्विच शॉवरपासून हाताच्या अंतरावर आहे. ओल्या हाताने तो चालू करण्याचा मोह होणारच. तो दाराबाहेर घ्यावा.

कमोडबद्दल दोन गोष्टी. बसल्यावर तो डावीकडे हलतो. भिंतीजवळची फट पांढऱ्या सिमेंटने भरून झाकली आहे, पण मागचे बोल्ट सैल आहेत. दुसरे, फ्लशची टाकी गळते. टाकीत शाईचे थेंब टाकले आणि फ्लश न करता दहा मिनिटे थांबलो, तर भांड्यातले पाणी निळे झाले. आतला वॉशर बदलावा. अर्ध्या तासाचे काम आहे, पण न केल्यास दिवसरात्र पाणी वाया जाणार.

आता हॉलजवळचे कॉमन बाथरूम. इथला उतार ठीक आहे, पाणी पटकन जाते, त्याबद्दल त्या फरशीवाल्याचे कौतुकच. पण दार उघडताच गटाराचा वास येतो. जाळी उचलून पाहिले तर खाली सिमेंटचा राडारोडा होता आणि ट्रॅपच्या आतला कप गायब. तो नसल्याने पाण्याची ५० मिलिमीटरची अडवण तयारच होत नाही आणि पाइपातला वायू सरळ वर येतो. सुगंधी वडी टाकून हा प्रश्न सुटणार नाही. ट्रॅप साफ करून कप बसवावा. पाइपात सिमेंट पुढे गेले असेल तर डक्टमधल्या चेंबरपर्यंत तपासून घ्यावे, कारण एकदा आत घट्ट झालेले सिमेंट नंतर निघत नाही.

त्याच बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅनसाठी ठेवलेले भोक प्लायवूडने बंद आहे, आणि फॅनची वायर सीलिंगच्या वर गुंडाळून ठेवली आहे. दुसरी खिडकी तिथे नाही. भोक मोकळे करून वायर बोर्डापर्यंत आणून द्यावी. दाराचा खालचा भाग पाणी लागून फुगला आहे आणि कडी चौकटीत बसत नाही. दार बदलावे, घासून देऊ नये. बेसिनचा नळ करारातल्या परिशिष्टात लिहिलेल्या कंपनीचा नाही आणि त्याच्यावर ओरखडेही आहेत. कोणत्या कंपनीचा घालणार याची आम्हाला फार फिकीर नाही, पण ज्याचे पैसे आम्ही दिले तोच मिळावा.

कामाचा क्रम आम्ही सुचवतो तो असा : आधी ८०४ ची गळती, मग मास्टर बाथरूमच्या भिंतीतले पाइप आणि वायरिंग, त्यानंतर जमिनीचे फोडकाम, वॉटरप्रूफिंग आणि पाण्याची चाचणी. टाइल्स त्यानंतर, आणि कमोड, नळ, दार सर्वांत शेवटी. उलट क्रमाने केल्यास नवीन बसवलेल्या गोष्टी पुन्हा काढाव्या लागतील. फोडकामाच्या काळात बेडरूमची फरशी आणि कमोड झाकून ठेवावेत. सिमेंटचे पाणी जाळीत सोडू नये. कॉमन बाथरूमचा ट्रॅप कसा भरला, हे आपण पाहतोच आहोत.

शनिवारी निघताना आम्हाला "सदनिका तपासली, कोणतीही तक्रार नाही" अशा छापील कागदावर सही करायला सांगण्यात आले. "सही करून टाका मॅडम, कामं काय होत राहतील," असे सुपरवायझर म्हणाले. ते सौजन्याने वागले आणि आमचा त्यांच्यावर राग नाही, पण त्या कागदावर आम्ही सही केलेली नाही आणि दुरुस्ती होईपर्यंत करणार नाही. त्या कागदाची प्रत आमच्याकडे आहे.

यासाठी आमच्या विनंत्या अशा. हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत कामाचे वेळापत्रक लेखी कळवावे. २४ नोव्हेंबरची ताब्याची तारीख रद्द समजून, सर्व कामे झाल्यावर आणि पुन्हा संयुक्त पाहणी झाल्यावर नवी तारीख द्यावी. वॉटरप्रूफिंग सुकण्याचा आणि चाचणीचा वेळ धरून २० डिसेंबरपर्यंत हे सहज होईल असा आमचा अंदाज आहे. घाईने त्याआधी उरकावे अशी अपेक्षा नाही. हा उशीर आमच्यामुळे झालेला नसल्याने २४ नोव्हेंबरनंतरचा देखभाल खर्च आणि शेवटच्या हप्त्यावरील व्याज आमच्याकडून आकारू नये. हप्त्याची रक्कम तयार आहे, ताब्याच्या दिवशी देऊ.

ताब्याच्या वेळी वॉटरप्रूफिंगचे हमीपत्र, दाबचाचणीची नोंद आणि पाइप-वायरिंग प्रत्यक्षात भिंतीतून कुठून गेले आहेत त्याचा नकाशाही मिळावा. शेल्फसाठी ड्रिल मारताना त्याचीच गरज पडते.

किल्ल्या सध्या आपल्याच कार्यालयात आहेत, त्यामुळे आपल्या माणसांना कधीही आत जाता येईल. पाण्याच्या चाचणीच्या आदल्या दिवशी फोन केल्यास आमच्यापैकी एक जण नक्की हजर राहील. शनिवार असल्यास दोघेही येऊ.

आपले विश्वासू,
सदनिका क्र. ७०४, बी विंगचे खरेदीदार व सहखरेदीदार
(दोघांच्या सह्या)

सोबत : २६ छायाचित्रे, पाणी साचल्याची चित्रफीत, फुली केलेल्या टाइल्सचा हाताने काढलेला आराखडा
प्रत : साइट सुपरवायझर, बी विंग